रामकुंडावरची वेणी

*ताई, माझं वय ४१. सिडकोत राहते, अंबडला एका कंपनीत अकाउंट्स बघते. माघात आप्पा, म्हणजे माझे वडील, गेले. मी एकुलती एक. अग्नी चुलतभावानं दिला, दहाव्याला रामकुंडावर क्षौरही दादानंच केलं. मी पायऱ्यांवर आईला धरून उभी होते. चौदावा झाला आणि कामावर हजर झाले.*

*एप्रिलच्या शेवटी माझे केस मुठीनं गळायला लागले. मे महिन्यात स्वप्न सुरू झालं. बाथरूममध्ये डोक्यावरून हात फिरवते तर पुंजके हातात येतात, आरशात टक्कल दिसतं. दचकून उठते. मग राखीपौर्णिमेला दादाला राखी बांधून घरी आले आणि त्या रात्री वेगळंच स्वप्न पडलं. आता तेच सारखं पडतं. मी रामकुंडावर बसलेय, न्हावी माझी वेणी कापतो. लाल रिबिनीची जाड वेणी. ती पाण्यात पडते, वाहून जाते. न्हावी काहीतरी विचारतो, मला ऐकू येत नाही. जाग आल्यावर रडू येतं, पण डोकं हलकं वाटतं आणि त्याचीच लाज वाटते. लाल रिबिनी मी सातवीनंतर लावल्या नाहीत. तेव्हा आई सकाळच्या शाळेवर शिकवायला जायची, वेण्या आप्पाच घालायचे.*

*सासूबाई म्हणतात, केस कापलेले दिसले की घरातल्या पुरुषावर संकट. आमचे हे रोज कसारा घाटातून कल्याणला जातात, मला संध्याकाळी धडधडतं. त्र्यंबकला शांती करायची म्हणतात. करू का? आणि हे थांबेल का?*

*— एक वाचक, सिडको, नाशिक*

तुम्ही एका पत्रात दोन स्वप्नं पाठवलीत आणि दोन्हींबद्दल एकच विचारलंत, ‘हे थांबेल का?’ माझ्या मते ती दोन वेगवेगळी आहेत. त्यांची कारणं वेगळी आहेत आणि करायचं तेही वेगळं आहे. एकातून तुम्ही घाबरून उठता, दुसऱ्यातून हलक्या होऊन उठता. केसांच्या स्वप्नाबद्दल कुणी विचारलं की मी आधी हेच विचारते, की जाग आल्याच्या पहिल्या क्षणी काय वाटलं? केस गेले हा तपशील दोन्हीकडे सारखाच असतो. ते आपोआप गेले की कुणी कापले, आणि गेल्यावर भीती वाटली, लाज वाटली की सुटल्यासारखं वाटलं, यावर सगळं ठरतं.

आधी बाथरूममधलं स्वप्न घेऊ, ते सोपं आहे.

ते स्वप्न बव्हंशी तुमच्या खऱ्या केसांबद्दल आहे. आपल्या डोक्यावरचे साधारण दहा-पंधरा टक्के केस कायम विश्रांतीत असतात आणि त्यातले पन्नास ते शंभर रोज गळतात. शरीराला किंवा मनाला मोठा धक्का बसला, मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया किंवा घरातला मृत्यू, तर एरवीपेक्षा बरेच जास्त केस एकदम विश्रांतीत जातात. पण ते लगेच गळत नाहीत. दोन-तीन महिने मुळाशी तसेच बसून राहतात आणि मग एकदम सुटतात. म्हणून धक्का माघात बसतो आणि फणीत केस दिसतात ते चैत्र-वैशाखात. तोवर माणूस कामाला लागलेला असतो, ‘आता सावरले’ म्हणत असतो, त्यामुळे दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. त्वचेचे डॉक्टर याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. तुमच्या तारखा त्यात अगदी चपखल बसतात. दिवसा मोरीच्या जाळीत केस दिसतात आणि रात्री तेच वाढवून दिसतात, असं हे स्वप्न आहे.

गळलेला एखादा केस उजेडात धरून बघा. टोकाला बारीक पांढरा ठिपका दिसला तर तो विश्रांतीतला केस, म्हणजे आपल्या मुदतीनं गळलेला. मग कपाळाच्या कडेनं पाहा, दोन-तीन सेंटीमीटरचे उभे राहणारे केस दिसतात का? ते नवे. ही गळती बहुधा सहा महिन्यांच्या आत ओसरते. मात्र नाण्याएवढी गुळगुळीत चकती दिसली (आपण जिला चाई म्हणतो), भांग रुंद होत चालला, किंवा दिवाळीपर्यंत गळती थांबलीच नाही, तर त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. तसंही हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइडची टीएसएच या तपासण्या आत्ताच करून घ्या. चाळिशीतल्या बायकांत लोह कमी आणि दुःख जास्त असं दोन्ही एकदम असू शकतं, आणि लोहाच्या कमतरतेवर समुपदेशनाचा काही उपयोग नाही.

मला कॉलेजात असताना टायफॉइड झाला होता. त्यानंतर अडीच महिन्यांनी माझी वेणी शेपटीएवढी उरली. तेव्हा मलाही अशी स्वप्नं पडायची, आणि त्यात टकलापेक्षा आजूबाजूच्या माणसांचीच जास्त भीती वाटायची. सगळे बघताहेत, कुणी बोलत नाही. तुमच्या बाथरूममध्ये दुसरं कुणीच नाही, फक्त आरसा आहे. म्हणजे तुम्हाला लोकांची लाज वाटत नाहीये. आरशातली बाई ओळखीची वाटत नाही, ही ती भीती आहे. वडील गेल्यावर चाळिशीतल्या माणसाला असं होतं. ‘मुलगी’ म्हणून हाक मारणारं एक माणूस कमी होतं, आणि स्वतःचा चेहरा एकदम एका पिढीनं पुढे सरकल्यासारखा दिसायला लागतो.

या स्वप्नासाठी एक साधी पद्धत आहे. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या वाईट स्वप्नांवर बॅरी क्राकाव या अमेरिकन डॉक्टरांनी ती वापरली आणि तिचा अभ्यासही केला. दिवसाउजेडी बसून स्वप्न कागदावर लिहायचं, मग कुठेतरी ते बदलायचं, आणि बदललेलं स्वप्न रोज दहा-पंधरा मिनिटं डोळे मिटून मनात चालवायचं. तीन-चार आठवडे हे करायचं. इथे माणसं दोन चुका करतात. पहिली म्हणजे जुनंच भीतीदायक स्वप्न घोळवत बसतात. ते एकदा लिहून झालं की त्याची घडी घालून ठेवा, पुन्हा वाचू नका. दुसरी म्हणजे शेवट एकदम शाम्पूच्या जाहिरातीसारखा करतात, गुडघ्यापर्यंत केस आणि वारा. त्यावर मनाचा विश्वास बसत नाही. बदल लहान आणि खरा असावा. तुमच्यासाठी मी असा सुचवीन. केस हातात येतात. तुम्ही एक केस उचलून खिडकीपाशी नेता, टोकाचा पांढरा ठिपका बघता, मग आरशात बघता तर कपाळावर बारीक नवे केस उभे आहेत. बस्, एवढंच. हे तुम्ही दिवसा खरंच पाहिलेलं असेल, त्यामुळे रात्री ते परकं वाटणार नाही.

आता दुसरं स्वप्न. या स्वप्नाला ही पद्धत लावू नका. ते थांबवायच्या घाईत मी तरी नाही.

तुमच्या पत्रात एक गोष्ट आहे जी तुम्ही ओझरती लिहिलीत आणि मला मात्र तिथेच थांबावं लागलं. दहाव्याला दादाचं क्षौर झालं आणि तुम्ही पायऱ्यांवर उभ्या होतात. क्षौर हा नुसता विधी नाही, ती एक खूण आहे. मुंडन केलेला पुरुष दुसऱ्या दिवशी रिक्षात बसला तरी रिक्षावाला आवाज खाली आणतो. किराणा दुकानातला माणूस विचारतो, ‘कोण गेलं?’ ऑफिसातला साहेब फाइल बाजूला ठेवतो. निदान महिनाभर त्याचं डोकंच त्याच्या वतीनं बोलत असतं, त्याला स्वतःला काही सांगावं लागत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे खूण हळूहळू बुजत जाते, आणि तिच्या मागोमाग लोकांचं विचारणंही. शोकाचं एक दिसणारं कॅलेंडरच ते.

तुम्हाला हे कॅलेंडर मिळालं नाही. वडील तुमचे गेले आणि खूण दादाच्या डोक्यावर उमटली. दादाचंही दुःख खरं असणार, काका गेले त्याचे, त्याला मी काही म्हणत नाही. पण पंधराव्या दिवशी तुम्ही अंबडला गेलात तेव्हा तुमची वेणी होती तशीच होती. ज्यांना माहीत होतं त्यांनी दोन दिवस जपून वागवलं असेल, मग मार्चअखेर आला असेल, आणि अकाउंट्सच्या माणसाला मार्चमध्ये कोण रडू देतं?

आणि मग राखीपौर्णिमा. माघापासून मोजा, सहा महिने. दादाचे केस तोवर पाच-सहा सेंटीमीटर झाले असणार, म्हणजे भांग पाडण्याइतके. तुम्ही समोर बसून त्याला ओवाळलंत, राखी बांधलीत, आणि त्याचं डोकं पूर्वीसारखं दिसलं. दादाची खूण बुजली होती. तुमची उमटलीच नव्हती. त्याच रात्री तुम्ही स्वप्नात स्वतः रामकुंडावर जाऊन बसलात.

माझं वाचन असं आहे, की या स्वप्नात तुम्ही आप्पांचं क्षौर करून घेता. जे मुलगा म्हणून केलं गेलं असतं ते मुलगी म्हणून राहून गेलं, ते झोपेत होतं. म्हणून डोकं हलकं वाटतं. विधी पार पडल्यावर घाटावरून वर येताना माणसाला जसं वाटतं, तसं. त्यात लाजेसारखं काय आहे? लाज वाटते कारण तुम्ही त्या हलकेपणाचा अर्थ ‘मला बरं वाटलं, म्हणजे मी निष्ठुर’ असा लावलात.

आता ती वेणी. केस तुमचेच, पण आत्ताचे नाहीत. आत्ता तुमच्या डोक्यावर जाड वेणी नाही आणि लाल रिबीनही नाही. स्वप्नातली आपली प्रतिमा आरशाच्या बरीच मागे चालते. हात किंवा पाय गमावलेल्या माणसांना कितीतरी वर्षं स्वप्नात आपलं शरीर धड दिसतं, असं ते सांगतात. झोपेत आपण स्वतःच्या कुठल्या वयात जातो, याकडे म्हणून नीट बघावं. तुम्ही सहावी-सातवीत जाता. ती वेणी ज्या हातांनी घातली ते हात आता नाहीत. स्वप्नात कापली जाते ती त्यांचीच वेणी. पुरुषांनी घातलेल्या वेण्या बहुतेकदा फार घट्ट असतात, कान ताणले जातात, हे माझ्याकडे येणाऱ्या दोघी-तिघींनी हसत सांगितलंय. तुमच्या आप्पांची कशी असायची ते तुम्हालाच ठाऊक. पण एक विचारून ठेवते. ती वेणी वाहून जाताना तुम्ही स्वप्नात ती धरायला धावता का? पत्रात तसं नाही. तुम्ही बसून राहता आणि ती जाऊ देता.

हाच तपशील दुसऱ्या कुणाच्या स्वप्नात असता तर मी असं म्हणाले नसते. लग्नाचं बघणं चालू असलेला एक मुलगा माझ्याकडे यायचा. त्याच्या स्वप्नात प्रत्येक वेळी मुलीकडचे पोहे घेऊन आले की त्याचे केस ताटात गळायचे. तिथे घाट नाही, मरण नाही. आपला नकार आधीच डोक्यावर लिहिलेला आहे, ही त्याची धास्ती होती. आणखी एकीच्या स्वप्नात सख्खी बहीण कात्री घेऊन यायची आणि ती बोलू शकायची नाही. तो वाटणीचा राग होता. दुसऱ्या शतकात आर्टेमिडोरस नावाच्या ग्रीकानं स्वप्नांवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यातही मुंडनाचं स्वप्न खलाशाला अशुभ आणि मुंडन हाच ज्यांचा आचार त्या पुजाऱ्यांना शुभ, असं सांगितलंय. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीसुद्धा स्वप्न पाहणारा कोण, हे विचारल्याशिवाय अर्थ सांगत नसत. आपल्याकडच्या दहा रुपयांच्या स्वप्नफळाच्या पुस्तिकेत मात्र ‘केस कापणे’ समोर एकच ओळ असते.

सासूबाईंच्या म्हणण्याकडे येते. त्यांना हसू नका, त्यांची भीती हवेतून आलेली नाही. रामायणात त्रिजटेला स्वप्न पडतं त्यात रावण मुंडन केलेला, तेल माखलेला, लाल वस्त्रांत दिसतो आणि तिथून त्याचा विनाश ठरतो. पंचवटीच्या गावात ही कथा कुणाच्या कानावर नाही? पण माझ्या मते खरं मूळ याहून जवळचं आहे. आपल्याकडे कित्येक घरांत बाईचे केस एकाच कारणानं उतरवले जायचे, नवरा गेला म्हणून. केशवपनाविरुद्ध १८९० साली मुंबईत न्हाव्यांनीच संप केला, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्यात पुढे होते. विधवेच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही, असं त्यांनी ठरवलं. प्रथा गेली, पण ‘बाईचे केस कापले म्हणजे कपाळ गेलं’ हे समीकरण आजीकडून सासूबाईंकडे आणि सासूबाईंकडून तुमच्या संध्याकाळच्या धडधडीत येऊन पोचलं. त्या शकुन सांगत नाहीयेत. त्यांच्या आजीनं जे डोळ्यांनी पाहिलं असेल, ते सांगताहेत.

त्यांच्याशी वाद घालायचाच तर त्यांच्याच बाजूनं घाला. चरकसंहितेत इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिलेत: पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, इच्छिलेलं, कल्पिलेलं, पुढचं सुचवणारं आणि दोषांमुळे पडणारं. त्यातली पहिली पाच निष्फळ, म्हणजे त्यांचं फळ मिळत नाही, असं वैद्यानं सांगावं, असं तिथे म्हटलंय. तुम्ही रामकुंड पाहिलंय, क्षौर पाहिलंय, वेणी अनुभवलीय. तुमचं स्वप्न पहिल्या पाचांतच संपतं. आणि एक सांगा त्यांना. आपल्याकडच्या सुवासिनी प्रयागला जाऊन वेणीदान करतात, नवराच वेणी घालतो, तिचं टोक कापून संगमात सोडतात. पाण्यात सोडलेली वेणी प्रत्येक वेळी वैधव्याचीच नसते. ज्या घाटावर दहाव्याचं क्षौर होतं, त्याच गोदाकाठी लोक लेकराचं जावळही काढतात. वस्तरा तोच असतो.

कसारा घाटाची धास्ती मात्र मी हलक्यात घेणार नाही, कारण ती आता स्वप्नापासून सुटून स्वतंत्र झाली आहे. घाटात धुकं असतं, ट्रक असतात, रोज जाणाऱ्या माणसाची काळजी वाटतेच. फरक असा पडला, की आधी ते उशिरा आले तर तुम्ही चिडायचात, आता वेणी आठवते. ज्या दिवशी स्वप्न पडलं आणि ते वेळेवर आले ते सगळे दिवस तुम्ही मोजलेले नाहीत. ते मोजा. एक साधी वही घ्या, एका बाजूला स्वप्नाची तारीख, दुसऱ्या बाजूला ते घरी आल्याची वेळ. महिनाभर. त्यांनाही सांगा, की इगतपुरी सोडलं की एक मेसेज टाका. पण एकच. दहा मेसेजनी भीती कमी होत नाही, ती अकराव्याची वाट बघते.

शांतीचं विचारलंत. करायची असेल तर करा, पण कशाची, ते आधी ठरवा. नवऱ्यावरचं संकट टळावं म्हणून कराल तर तुम्ही त्या अर्थावर शिक्का मारला असं होईल, आणि पुढचं स्वप्न पडलं की ‘शांती लागू झाली नाही’ म्हणून दुप्पट घाबराल. हे मी पाहिलंय. एका घरात तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी विधी झाले आणि दर वेळी आधीच्या विधीत चूक काढली गेली. त्याऐवजी पितृपक्ष तोंडावर आहे. आप्पांची तिथी कोणती ते पंचांगात बघा. रामकुंडावर जा, दादाला बरोबर न्या, आणि तर्पणाच्या वेळी या खेपेला पायऱ्यांवर उभ्या राहू नका, पुढे बसा. मुलीच्या हातून पाणी सोडू देणारे गुरुजी नाशकात आता शोधले तर मिळतात. एकानं नाही म्हटलं तर दुसऱ्याला विचारा. कुणीच भेटलं नाही तरी गोदेचं पाणी ओंजळीत घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि त्याआधी दादाशी बोला. त्याला एवढंच विचारा, ‘वस्तरा फिरला तेव्हा तुला काय वाटलं रे?’ पुरुषांना हे कुणीही विचारत नाही. मी माझ्या मामांना आजोबांच्या दहाव्यानंतर कितीतरी वर्षांनी विचारलं होतं. ते म्हणाले, डोक्याला गार वारा लागला आणि मग कळलं की आता आपल्यावर कुणी नाही. स्वप्नातला न्हावी काय विचारतो ते तुम्हाला ऐकू येत नाही. मला वाटतं, तो तेच विचारत असणार जे किराणा दुकानदारानं दादाला विचारलं आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही. पण ते माझं वाटणं. तुम्ही दिवसा बसून त्याच्या तोंडी तुमचा प्रश्न घालून बघा आणि उत्तर लिहा. दोन ओळी झाल्या तरी चालतील, दोन पानं झाली तरी.

वेणी खरंच कापून टाकावी असं मनात येत असेल, तर या महिन्यात नको. स्वप्नाच्या सांगण्यावरून कापलेले केस आरशात परक्यासारखे दिसतात, आणि सध्या आरशाशी तुमचं फारसं बरं नाही. नवे केस भरून आले की मग ठरवा, तेव्हा तो निर्णय तुमचा असेल.

हे थांबेल का? पहिलं, गळतीबरोबर ओसरेल. दुसरं, घाईनं जाणार नाही. रोझलिंड कार्टराइट या संशोधक बाईंनी शिकागोत घटस्फोटातून जाणाऱ्या, खचलेल्या माणसांची स्वप्नं झोपेच्या प्रयोगशाळेत नोंदवली होती. ज्यांच्या स्वप्नांत सोडून गेलेला जोडीदार भावनेसकट येत होता, ती माणसं वर्षभरानं जास्त सावरलेली दिसली. घटस्फोट आणि मृत्यू एक नव्हेत, पण मनाचं काम तिथेही तसंच रात्री चालतं. म्हणून तुमच्या दुसऱ्या स्वप्नात काही बदलतंय का ते बघत राहा. वेणीची रिबीन बदलली, न्हाव्याचा आवाज ऐकू आला, घाटावर आणखी कुणी दिसलं, तर ते पुढे सरकतंय. महिनोन्महिने तंतोतंत तेच पडत राहिलं, झोपायचीच भीती वाटू लागली, जेवण तुटलं, कामात आकडे चुकायला लागले, किंवा ‘आप्पांकडेच जावं’ असं एकदा जरी मनात आलं, तर पत्र लिहीत बसू नका, मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

वही उशाशी ठेवा, मोबाइलवर लिहू नका. स्क्रीन उजळली की व्हॉट्सॲप दिसतं आणि अर्धं स्वप्न तिथेच पुसतं. उठल्यावर न हलता आधी आठवा, मग लिहा. वेणी केवढी, कुणाच्या हातात, पाणी वाहतं की थांबलेलं, आणि अंगात काय वाटलं.

आणखी एक काम सासूबाईंकडून करून घ्या. रविवारी त्यांना म्हणा, डोक्याला तेल लावून द्या. शाळेत असताना हे कोण करायचं, ते तेव्हा पाठमोरं बसून सांगा. पाठमोरं सांगणं सोपं जातं. त्या जुन्या माणसाच्या हातानं मुळं चोळतील, चार नुस्खे सांगतील, जास्वंद आणि माका काढतील. तेलानं ही गळती थांबत नाही, हे त्यांना सांगू नका.